नदीच्या दोन काठांची दोन घड्याळे

6 नोव्हेंबर 2022च्या पहाटे दोन वाजता अमेरिकेतल्या एल पासो शहराने दरवर्षीप्रमाणे आपली घड्याळे एक तास मागे घेतली. रिओ ग्रांदे नदीच्या पलीकडे, पुलावरून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, मेक्सिकोचे सियुदाद ह्वारेस आहे. तिथली घड्याळे त्या रात्री हलली नाहीत. बारा वर्षे ही दोन शहरे एकाच दिवशी घड्याळे मागेपुढे करत आली होती. आता सकाळ झाली तेव्हा ह्वारेसमध्ये आठ वाजले होते आणि एल पासोमध्ये सात. रोज पूल ओलांडून शाळा-कॉलेजात जाणारी मुले, पलीकडे नोकरीला जाणारी माणसे, अमेरिकी कंपन्यांसाठी सुटे भाग जोडणारे ह्वारेसचे कारखाने, या सगळ्यांचा दिवस एका तासाने विस्कटला. चोवीस दिवसांनी, 30 नोव्हेंबर सुरू होण्याच्या क्षणी, ह्वारेसने घड्याळ मागे घेतले आणि दोन्ही काठांवर पुन्हा एकच वेळ झाली.

या चोवीस दिवसांमागे एक कायदा होता आणि त्यात केलेली एक दुरुस्ती होती. सीमेजवळच्या गावाची प्रमाणवेळ शोधताना माणसे आणि संगणक कुठे घसरतात, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

मेक्सिकोच्या संसदेने ऑक्टोबर 2022मध्ये नवा वेळ-कायदा केला आणि 30 ऑक्टोबरपासून देशाच्या बहुतेक भागातली उन्हाळी वेळ कायमची रद्द केली. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे आणि हिवाळ्यात मागे, ही रीत संपली. त्याच वेळी उत्तरेकडच्या चिवावा राज्याचा टाइम झोनही बदलला. आधी हे राज्य हिवाळ्यात जागतिक वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, सात तास मागे असे आणि उन्हाळ्यात सहा तास. नव्या नियमाने ते बारा महिने सहा तास मागे राहणार होते. 30 ऑक्टोबरला चिवावात उन्हाळी वेळ चालूच होती, म्हणजे घड्याळ आधीच सहा तासांवर होते. त्यामुळे त्या दिवशी देशाच्या बहुतेक भागात काटे मागे फिरत असताना चिवावात कोणाला काहीच करावे लागले नाही. घड्याळ जागचे हलले नाही, पण त्यामागचा नियम पूर्ण बदलला होता. आठवड्याने एल पासोने काटे मागे घेतले, तेव्हा तो बदल लोकांच्या अंगावर आला.

मग दुरुस्ती झाली. चिवावाच्या सीमेलगतचे काही मुनिसिपियो, म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखे विभाग, राज्याच्या नियमातून बाहेर काढण्यात आले. पश्चिमेकडच्या पाच विभागांना, ह्वारेस, हानोस, आसेन्सिओन, ग्वादालुपे आणि प्राक्सेदिस गेर्रेरो यांना, एल पासोची वेळ मिळाली. हिवाळ्यात यूटीसीच्या सात तास मागे, उन्हाळ्यात सहा तास. पूर्वेकडच्या तीन विभागांना, ओहिनागा, कोयामे देल सोतोल आणि मान्वेल बेनाविदेस यांना, नदीपलीकडच्या टेक्सासमधल्या प्रेसिडिओ गावाची वेळ मिळाली. हिवाळ्यात सहा तास मागे, उन्हाळ्यात पाच. बाकीचे राज्य जिथे होते तिथेच राहिले, वर्षभर सहा तास मागे.

म्हणजे 30 नोव्हेंबर 2022पासून एकाच राज्यात वेळेचे तीन वेगवेगळे नियम चालू आहेत.

आता एक गाव घेऊ. ह्वारेसहून राजधानी चिवावा शहराकडे जाणाऱ्या महामार्गावर विया आउमादा नावाचे छोटे शहर आहे. सरळ रेषेत मोजले तर ते ह्वारेसपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर आणि चिवावा शहरापासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर अंतरावर येते. समजा, पुण्यातल्या एखाद्या कंपनीला तिथल्या ग्राहकाला फोन करायचा आहे. नोंद करणारा माणूस सहज विचार करेल की जवळचे मोठे शहर ह्वारेस आहे, तेव्हा ह्वारेसचीच वेळ धरू. अनेक साधी सॉफ्टवेअरही हेच करतात. गावाचे अक्षांश-रेखांश घेतात, यादीतले सर्वांत जवळचे शहर शोधतात आणि त्याचा झोन गावाला चिकटवतात.

उत्तर चुकीचे येते. विया आउमादा हे आउमादा मुनिसिपियोचे मुख्य ठिकाण आहे आणि दुरुस्तीतल्या आठ नावांत आउमादा नाही. त्याला चिवावा राज्याचा सर्वसाधारण नियमच लागू होतो. याउलट त्याच महामार्गावर उत्तरेला असलेले सामालायुका ह्वारेस मुनिसिपियोत येते, म्हणून तिथे एल पासोची वेळ चालते. हिवाळ्यात सामालायुकाहून विया आउमादाला जाणाऱ्याला वाटेत घड्याळ एक तास पुढे करावे लागते. तिथे नदी नाही, डोंगर नाही, राज्याची सीमाही नाही. दोन मुनिसिपियोंमधली हद्द ओलांडली की वेळ बदलते.

पहिली गोष्ट इथेच लक्षात येते. टाइम झोन अंतरावरून ठरत नाही, रेखांशावरूनही ठरत नाही. तो प्रशासकीय हद्दीवरून ठरतो आणि ती हद्द कोणत्या पातळीवरची आहे हे त्या देशाचा कायदा सांगतो. भारतात देशाचे नाव कळले की काम संपते. अमेरिकेत राज्याचे नावही पुरत नाही. टेक्सास म्हटले की बहुतेकांच्या मनात अमेरिकेची मध्यवर्ती वेळ येते, पण त्याच टेक्सासमधल्या एल पासो आणि हडस्पेथ या दोन काउंट्या तासभर मागच्या झोनमध्ये आहेत. चिवावात मुनिसिपियोपर्यंत उतरावे लागते. म्हणून सीमेजवळच्या गावाबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तो असा: हे गाव कोणत्या विभागाच्या कारभाराखाली येते? जवळचे मोठे शहर कोणते, या प्रश्नाला इथे जागा नाही.

विया आउमादाची चूक आणखी एका कारणाने धोक्याची आहे. उन्हाळ्यात ती दिसत नाही. मार्च ते नोव्हेंबर ह्वारेस आणि विया आउमादा, दोन्ही ठिकाणी यूटीसीच्या सहा तास मागची वेळ असते. चुकीचा झोन लावलेली नोंद जवळपास आठ महिने अगदी बरोबर वेळ दाखवते. कोणी तपासायला गेले तरी सगळे ठीक दिसते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळे मागे जातात आणि त्यानंतरचा प्रत्येक फोन एक तास उशिरा लागू लागतो.

ओहिनागाच्या बाबतीत हेच उलटे होते. चिवावा शहर आणि ओहिनागा यांची वेळ हिवाळ्यात एकसारखी असते आणि उन्हाळ्यात तासाने वेगळी. म्हणून झोन तपासताना एक तारीख घेऊन भागत नाही, जानेवारीतली एक आणि जुलैतली एक अशा दोन घ्याव्या लागतात. पुण्यात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, तो क्षण धरा. जानेवारीत त्या क्षणी ह्वारेसमध्ये सकाळचे अकरा, तर चिवावा आणि ओहिनागात दुपारचे बारा वाजलेले असतात. जुलैत ह्वारेस आणि चिवावात बारा, आणि ओहिनागात एक. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली की तिन्ही झोन स्वच्छ वेगळे होतात. एका उत्तराने कुठली तरी दोन एकमेकांत मिसळलेलीच राहतात.

संगणकाला हे सगळे कसे कळते? जगातले बहुतेक फोन, सर्व्हर आणि संकेतस्थळे वेळेच्या नियमांसाठी एकाच सामायिक संग्रहावर विसंबून असतात. त्याला टीझेड डेटाबेस म्हणतात. ऑर्थर डेव्हिड ओल्सन यांनी 1980च्या दशकात तो सुरू केला. पुढे त्याची जबाबदारी पॉल एगर्ट यांच्याकडे आली आणि 2011पासून तो इंटरनेटची नावे-क्रमांक सांभाळणाऱ्या आयाना या व्यवस्थेच्या छत्राखाली आहे. प्रत्येक झोनला त्यात खंड आणि शहर असे नाव असते. भारताचे नाव `Asia/Kolkata`. त्या नावाखाली आजवरचे सगळे बदल तारीखवार लिहिलेले असतात. एखाद्या देशाने नियम बदलला की संग्रहाची नवी आवृत्ती निघते, तिला वर्ष आणि अक्षर असे नाव मिळते आणि ती फोन-संगणकांच्या अपडेटमधून हळूहळू आपल्यापर्यंत येते.

मेक्सिकोतला ऑक्टोबरचा बदल `2022f` या आवृत्तीत आला आणि नोव्हेंबरचा `2022g` मध्ये. या दोन आवृत्त्यांच्या मध्ये जे घडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे.

2022पर्यंत चिवावाच्या सगळ्या सीमापट्टीला संग्रहात एकच नाव होते, `America/Ojinaga`. ह्वारेस कितीतरी मोठे शहर असूनही त्याला स्वतंत्र नाव नव्हते, कारण दोन्हीकडे एकच नियम चालत होता. ह्वारेसची नोंद करणाऱ्याला हेच नाव निवडावे लागे. 30 नोव्हेंबरला पट्टीचे दोन तुकडे झाले, तेव्हा पश्चिम भागासाठी `America/Ciudad_Juarez` हे नवे नाव तयार झाले आणि जुने नाव पूर्व भागाकडे राहिले.

आता ह्वारेसमधल्या तीन संगणकांची कल्पना करा. तिघांवरही जुनेच `America/Ojinaga` निवडलेले आहे. पहिल्यावर ऑक्टोबरपूर्वीची जुनी आवृत्ती आहे. त्याला कायदा बदलल्याचे ठाऊक नाही, म्हणून 6 नोव्हेंबरला त्याने एल पासोसारखे घड्याळ मागे घेतले आणि तो चोवीस दिवस चुकीची वेळ दाखवत राहिला. 30 नोव्हेंबरला शहरानेच घड्याळ मागे घेतले आणि काहीही न करता त्याची वेळ पुन्हा बरोबर ठरली. दुसऱ्यावर `2022f` होती. तो नोव्हेंबरभर बरोबर चालला आणि 30 तारखेपासून एक तास पुढे गेला. तिसऱ्यावर तत्परतेने `2022g` बसवली गेली, पण झोनचे नाव कोणी बदलले नाही. त्यालाही 30 तारखेपासून ओहिनागाची, म्हणजे एक तास पुढची, वेळ मिळू लागली. नवी आवृत्ती, सगळा डेटा अचूक, तरीही वेळ चूक. यात डेटाबेसचा दोष नव्हता. त्याने ओहिनागाची वेळ बरोबरच सांगितली, ज्याला विचारायला हवे होते ते नाव आता वेगळे होते.

झोन विभागला गेला की अपडेट हे अर्धेच काम असते. उरलेले अर्धे माणसाने करायचे असते: जुन्या नावाखाली आपली कोणकोणती ठिकाणे आहेत ती काढायची आणि प्रत्येकाला नव्याने झोन द्यायचा. कोणताही संगणक हे आपोआप करू शकत नाही, कारण `America/Ojinaga` असे लिहिणाऱ्याच्या मनात ह्वारेस होते की ओहिनागा, हे त्या नावातून कळत नाही. म्हणून नोंदीत झोनच्या नावासोबत गावाचे आणि त्याच्या विभागाचे नाव ठेवणे फार उपयोगी पडते. ज्यांनी फक्त "यूटीसीच्या सात तास मागे" असा आकडा लिहून ठेवला होता, त्यांच्यापुढे तर कोणती नोंद बदलायची हे ओळखायलाही धागा उरला नाही.

पुढच्या तारखांच्या भेटींनाही हाच फटका बसतो. ऑक्टोबर 2022च्या अखेरीस, नव्या कायद्याप्रमाणे, कोणी ह्वारेसमधल्या 15 जानेवारी 2023च्या सकाळी दहाची बैठक ठरवली असेल, तर पुण्याच्या घड्याळात ती रात्री साडेनऊला पडत होती. दुरुस्तीनंतर तीच बैठक साडेदहाला गेली. ठरवताना "ह्वारेस, सकाळी दहा" असे लिहिले असेल तर नवे गणित करता येते. फक्त "पुणे, रात्री साडेनऊ" असे लिहिले असेल तर पुण्याचा माणूस तासभर आधी येऊन बसतो.

लिनक्सचा संगणक हाताशी असेल तर वरची जानेवारी-जुलैची तपासणी अशी करता येते:

```
TZ=America/Ciudad_Juarez date -d '2025-01-15 18:00 UTC'
TZ=America/Chihuahua date -d '2025-01-15 18:00 UTC'
```

पहिल्या ओळीचे उत्तर अकरा आणि दुसरीचे बारा यायला हवे. पहिल्या नावाने संगणकाने उत्तरात वेळेसमोर `UTC` किंवा काही अनोळखी लघुरूप दाखवले, तर त्याच्याकडे हे नावच नाही, म्हणजे त्याचा संग्रह नोव्हेंबर 2022च्या आधीचा आहे. मग तारखेच्या जागी जुलै टाकून दोन्ही ओळी पुन्हा चालवायच्या. दोन्हीकडे बारा यायला हवेत.

नकाशावर बोट ठेवले की झोन सांगणाऱ्या सेवाही आहेत. त्यातल्या बऱ्याच सेवा ओपनस्ट्रीटमॅपवरच्या प्रशासकीय हद्दी घेऊन बनवलेल्या झोनच्या नकाशांवर चालतात. जवळचे शहर शोधण्यापेक्षा ही पद्धत पुष्कळ चांगली, कारण ती हद्दच पाहते. मात्र दोन ठिकाणी सावध राहावे लागते. फोनमध्ये जागा वाचावी म्हणून काही अॅप या हद्दी सोप्या करून, वळणे कापून साठवतात. अशा वेळी हद्दीच्या जवळची वस्ती चुकीच्या बाजूला पडू शकते. शिवाय नकाशाची आणि नियमांची आवृत्ती वेगवेगळी असू शकते. नियम नवे आणि नकाशा जुना असेल, तर ह्वारेस अजूनही ओहिनागाच्याच रंगात रंगलेले दिसते.

आणि फोनच्या "आपोआप वेळ" या सोयीवर नदीकाठी फार विसंबून चालत नाही. फोन ज्या टॉवरला जोडला जातो त्याच्या जाळ्याकडून वेळ घेतो, आणि पलीकडच्या देशाचा टॉवर अधिक जोरात लागत असेल तर पलीकडची वेळ घेऊन बसतो. आज ह्वारेस आणि एल पासो यांची वेळ एकच असल्याने तिथे हे जाणवत नाही. ज्या सीमांवर दोन बाजूंना वेगळी वेळ आहे, तिथे ही सोय बंद करून झोन हाताने निवडणेच बरे.

कधी कधी मात्र कितीही शोधले तरी एकच बरोबर उत्तर मिळत नाही. लेबनॉनमध्ये मार्च 2023मध्ये हे घडले. उन्हाळी वेळ 26 मार्चला सुरू व्हायची होती. तिच्या तोंडावर, 23 मार्चला, पंतप्रधान नजीब मिकाती यांनी ती रमजान संपेपर्यंत पुढे ढकलल्याचे जाहीर केले. टीझेड डेटाबेसने लगेच `2023b` ही आवृत्ती काढून तशी नोंद केली. पण मॅरोनाइट चर्चने आणि काही वृत्तवाहिन्या-शाळांनी निर्णय मानला नाही. 26 तारखेपासून एकाच देशात दोन वेळा चालू राहिल्या. 27 मार्चला मंत्रिमंडळाने निर्णय फिरवला आणि 29च्या रात्री अधिकृत घड्याळ पुढे गेले. `2023c` या आवृत्तीने लेबनॉनची आधीची, 26 मार्चची, नोंद परत आणली. त्या चार दिवसांतल्या एखाद्या घटनेची वेळ आज कोणी तपासू लागला, तर संग्रह एक उत्तर देईल, पण प्रत्यक्षात ती नोंद कोणत्या घड्याळाने झाली हे मूळ कागदावरूनच ठरवावे लागेल.

मुंबईच्या जुन्या पत्रिका काढणाऱ्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. भारतीय प्रमाणवेळ आल्यानंतरही मुंबईत 1955पर्यंत बॉम्बे टाइम वापरात होता. तो जागतिक वेळेच्या 4 तास 51 मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे होता. `Asia/Kolkata` या नावाखाली तो सापडत नाही. डेटाबेसचा नियमच असा आहे की 1970नंतर ज्या प्रदेशांची घड्याळे वेगळी चालली, त्यांनाच स्वतंत्र झोन मिळतो. त्यामुळे 1948 साली मुंबईत जन्मलेल्या माणसाची वेळ संगणकात घातली, तर संगणक निमूटपणे प्रमाणवेळच धरतो. जन्माच्या कागदावरची वेळ बॉम्बे टाइमची होती की प्रमाणवेळेची, हे घरच्यांना विचारून किंवा त्या काळच्या इतर नोंदींशी ताडून पाहावे लागते.

अलीकडे नियम बदललेले ठिकाण असेल तर कामाचा क्रम ह्वारेसने शिकवला तोच. आधी गाव कोणत्या विभागात आहे ते पाहावे. मग बदलाच्या मूळ आदेशात त्या विभागाचे नाव आहे का ते पाहावे, कारण बातम्यांचे मथळे बहुतेकदा राज्याचेच नाव घेतात. त्यानंतर संग्रहाची आवृत्ती बदलाच्या तारखेनंतरची आहे ना, याची खात्री करावी आणि शेवटी हिवाळ्यातली एक व उन्हाळ्यातली एक तारीख तपासावी. 1 मार्च 2024ला कझाकस्तानने सगळ्या देशाची वेळ यूटीसीच्या पाच तास पुढे अशी एक केली, तेव्हा अल्माटीला घड्याळ एक तास मागे घ्यावे लागले. ऑक्टोबर 2024मध्ये पॅराग्वेने उन्हाळी वेळच कायमची ठेवली. तिथेही चिवावासारखे घडले: कायदा झाला त्या दिवशी घड्याळ हलले नाही आणि जुन्या डेटाची चूक मार्च 2025मध्ये, एरवी काटे मागे जाण्याच्या वेळी, उघडी पडली.

ज्यांचे ग्राहक, सहकारी किंवा नातलग ह्वारेसमध्ये आहेत, त्यांनी आपल्या कॅलेंडरमध्ये आणि याद्यांमध्ये ह्वारेसच्या नावापुढे कोणता झोन लिहिला आहे ते एकदा उघडून पाहावे. तिथे अजून `America/Ojinaga` असेल तर ती नोंद उन्हाळा-हिवाळा, बाराही महिने एक तास पुढे चालते आहे.